बंद डायोडवर दाब किती?

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद असेल तर एसीचं डीसी करणाऱ्या सेंटर टॅप पूर्णतरंग रेक्टिफायरचं चित्र काढा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीतून मधोमध एक तार बाहेर काढली आहे. हा सेंटर टॅप म्हणजे आपला शून्य बिंदू. वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक डायोड आहे. दोघांचे कॅथोड एकत्र जोडले आहेत आणि त्या जोडापासून सेंटर टॅपपर्यंत लोड लावला आहे. कपॅसिटर अजून लावलेला नाही.

ट्रान्सफॉर्मरवर १२-०-१२ लिहिलं आहे. पुष्कळ जण इथे २४ धरून गणित सुरू करतात आणि उत्तर दुप्पट येतं. एका वेळी गुंडाळीचा एकच अर्धा भाग लोडला वीज देतो, म्हणून १२ च घ्यायचे. पण हे १२ आरएमएस आहेत. त्यांना १.४१४ ने गुणलं की शिखर मूल्य जवळपास १७ व्होल्ट मिळतं. सरासरी काढायला शिखराची दुप्पट करून पाय म्हणजे ३.१४ ने भागा, म्हणजे १०.८ व्होल्ट. चालू डायोड स्वतःकडे सुमारे ०.७ व्होल्ट ठेवतो, म्हणून डीसीवर लावलेला मीटर १० च्या आसपास दाखवेल. तो ५ च्या आसपास अडकला, तर एक डायोड तुटलाय किंवा त्याचं टोक सुटलंय. मग सर्किट अर्धतरंगावरच चाललेलं असतं.

आता बंद डायोडकडे वळू. मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक मीटरवर दिसत नाही. वरचं टोक अधिक १७ वर आहे असं समजा. वरचा डायोड चालू आहे, त्यामुळे कॅथोडचा जोडही जवळपास अधिक १७ वर. त्याच क्षणी खालचं टोक उणे १७ वर असतं, आणि खालच्या डायोडचा अॅनोड तिथेच जोडलेला आहे. म्हणजे त्याच्या एका अंगाला अधिक १७, दुसऱ्या अंगाला उणे १७. उलटा दाब झाला ३४ व्होल्ट, शिखराच्या दुप्पट! पुढच्या अर्ध्या चक्रात हीच पाळी वरच्या डायोडवर येते. चार डायोडच्या ब्रिज रेक्टिफायरमध्ये तेवढंच शिखर असताना एका डायोडवर जवळपास १७ च येतात.

डायोड निवडताना ३४ ही किमान गरज धरा. पुरवठा १० टक्के वाढला की हा आकडा ३७ च्या पुढे जातो, आणि लोड काढला की ट्रान्सफॉर्मरचा दाब आणखी चढतो. ५० व्होल्टचा डायोड चालेल, पण मी १०० व्होल्टचा घेईन. उलट्या दाबाने डायोड फुटला की बहुधा आतून शॉर्ट होतो. मग दुसरा डायोड चालू होताच दोघांमधून अख्खी गुंडाळी शॉर्ट होते, ट्रान्सफॉर्मर तापतो, फ्यूज उडतो. अशा वेळी वीज बंद करा, डायोडचं एक टोक सोडवा आणि मीटरने दोन्ही दिशांनी तपासा. दोन्हीकडे शून्याजवळ आकडा आला, तर तोच डायोड गेलेला आहे.