तीस माणसांचा कारखाना: निरोप कुठे अडतो, माणूस कुठे अडतो

[दृश्य: भोसरी एमआयडीसी. शटर वर जातं. सीएनसी लेथ मशीनची रांग.]

मालक धरून बरोबर तीस माणसं. गाड्यांना लागणारे बुश आणि शाफ्ट इथे बनतात. असे कारखाने भोसरीत, चाकणला, सातपूरला, वाळूजला गल्लोगल्ली आहेत, म्हणून उदाहरणासाठी हाच घेऊ. याची रचना दोन टोकांनी करता येते. एक उभी: मालक, त्याच्या हाताखाली तीन मॅनेजर, त्यांच्या हाताखाली सहा सुपरवायझर आणि मग वीस कामगार. दुसरी सपाट: एक मालक आणि एकोणतीस जण, मध्ये कुणी नाही.

सपाट म्हणजे झटपट आणि उभी म्हणजे संथ, असं आपण धरून चालतो. मशीनजवळ जाऊन बघू.

[दृश्य: ऑपरेटर जॉब हातात घेऊन बोअर गेज आत घालतो. डायलचा काटा.]

बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, पंचवीस मिलिमीटरचा. ड्रॉइंगप्रमाणे तो पंचवीसच्या वर एकवीस मायक्रॉनपर्यंत चालतो, पण पंचविसाखाली एक मायक्रॉनही चालत नाही. सकाळी काटा बारावर होता. मग आठ. आता चार. बोअर आवळत चाललाय, कारण आतून कापणारं इन्सर्ट झिजतंय. झिजणं नेहमीचंच आहे, पण आज ते दुप्पट वेगाने होतंय. ज्यातून जॉब कापतात तो काल आलेला बार नेहमीपेक्षा कडक असावा, असं या ऑपरेटरला वाटतंय. चिपचा रंग वेगळा, आवाज वेगळा.

आता त्याच्यापुढे दोन निर्णय आहेत. पहिला, ऑफसेट देऊन, म्हणजे टूलची जागा काही मायक्रॉन सरकवून, बोअर पुन्हा मापात आणायचा. दुसरा, हा बार वापरायचा की परत पाठवायचा. पहिला मिनिटाभराचा. दुसऱ्यात पैसे, सप्लायर आणि ग्राहकाची तारीख, तिन्ही अडकलेले.

उभ्या रचनेत पुष्कळदा ऑफसेटला हात लावायची मुभा ऑपरेटरला नसते. सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये असला की मशीन थांबतं, किंवा त्याहून वाईट, चालूच राहतं. दोन मिनिटांना एक जॉब, म्हणजे अर्ध्या तासात पंधरा. एका वाक्याच्या निरोपाला असा अर्धा तास लागतो, आणि त्यातलं बोलणं फार तर मिनिटभराचं. उरलेली सगळी वाट बघणं.

पण मला जास्त काळजी वाटते ती निरोप वर जाताना बदलतो त्याची. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, बार कडक वाटतोय, इन्सर्ट टिकत नाहीत." सुपरवायझर मॅनेजरला सांगतो, "तीन नंबरला इन्सर्ट जास्त लागतायत." मॅनेजर संध्याकाळी मालकाला सांगतो, "इन्सर्टचा खर्च वाढलाय." खोटं कुणीच बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या कामापुरतं ऐकलं आणि तेवढंच पुढे दिलं. मालक इन्सर्टवाल्याला फोन करून भाव पाडून मागतो, आणि कडक बार मशीनवर चढतच राहतो.

[दृश्य: मालकाची केबिन. दाराशी चौघे उभे. टेबलावर फोन वाजतोय.]

आता हाच कारखाना सपाट करू. ऑपरेटर थेट केबिनमध्ये जातो, "बार कडक आहे" हे त्याच्याच शब्दांत मालकापर्यंत पोचतं. याचं मोल मोठं आहे, ते मी कमी लेखणार नाही. पण एकोणतीस जणांनी दिवसाला फक्त दहा-दहा मिनिटं घेतली तर दोनशे नव्वद मिनिटं होतात, जवळपास पाच तास. उरलेल्या वेळात ग्राहक, बँक आणि जीएसटी. मालक दुपारी चाकणला ग्राहकाकडे गेला की सगळा कारखाना त्याच्या फोनवर येतो. निरोप पायरीवर अडायचा, तो आता रांगेत अडतो.

आणखी एक गोष्ट होते. ऑपरेटर म्हणतो बार बदला, खरेदी बघणारा म्हणतो टेस्ट सर्टिफिकेट बरोबर आहे, डिस्पॅचवाला म्हणतो गाडी सहाला निघाली पाहिजे. तिघे बरोबरीचे. तिघांचाही मुद्दा रास्त. शेवटचा शब्द कुणाचा, ते ठरलेलंच नाही.

अमेरिकेत रॉको कार्झो आणि जॉन यानूझास या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पंधरा-पंधरा जणांचे गट होते. काही गटांत एकाच्या हाताखाली चौदा, काहींत चार पातळ्या. निर्णयाला लागणाऱ्या वेळात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि नफ्यात उभे गट पुढे राहिले. पायऱ्या चढण्यात जाणारा वेळ सपाट गटात एकमेकांशी जुळवून घेण्यात गेला, असा त्यांचा उलगडा होता. प्रयोगशाळेतल्या गटांवरून भोसरीचा निकाल लावता येत नाही, तरी केवळ पायऱ्या काढल्याने वेग वाढेल या समजाला त्याने चांगलाच धक्का बसतो.

माझ्या मते इतक्या माणसांत एकच मधली पायरी पुरते. चार टीम लीडर, प्रत्येकाकडे सहा-सात जण. पण त्याआधी कोणता निर्णय कुठे संपतो, ते लिहून मशीनजवळ लावलं पाहिजे. पाच मायक्रॉनपर्यंतचा ऑफसेट ऑपरेटर देईल आणि नोंद करेल. इन्सर्ट ठरल्यापेक्षा निम्म्या जॉबमध्ये संपलं तर लीडर मशीन थांबवेल आणि बारची हार्डनेस तपासायला देईल. बार परत पाठवायचा निर्णय मालकाचा, आणि त्याला ऑपरेटरने लिहिलेली चिठ्ठीच जाईल, कुणी गाळलेला सारांश नाही.

[दृश्य: भिंतीवर स्किल मॅट्रिक्स, कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता. नावांपुढे चार भागांची वर्तुळं, काही पाव भरलेली, काही पूर्ण.]

निरोपाचं असं जमवता येतं. माणसाच्या बढतीचं कोडं अधिक अवघड आहे.

उभ्या रचनेत सुपरवायझरच्या सहा खुर्च्या. एक माणूस सरासरी सहा वर्षं बसला, तर वर्षाला एक खुर्ची मोकळी होते. खाली वीस जण. शेवटच्याचा नंबर विसाव्या वर्षी. शिवाय, नव्या जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्या उत्तम सेटरला सुपरवायझर केलं की हजेरी आणि डिस्पॅच बघण्यात त्याचा दिवस जातो, आणि कारखाना आपला चांगला सेटर घालवून बसतो.

सपाट रचनेत वाट बघायची वेळच येत नाही, कारण खुर्ची नाही. आयटीआय करून आलेली मुलगी सात वर्षांत प्रोग्रॅम लिहायला लागते, नवे जॉब बसवते, तिघांना शिकवते, आणि अनुभवाच्या दाखल्यावर तरीही "सीएनसी ऑपरेटर" एवढंच लागतं. दुसरीकडे मुलाखतीला गेली की पहिला प्रश्न येतो, "हाताखाली किती माणसं होती?" याचं उत्तर तिच्याकडे नसतं. काम वाढलं, पण ते कागदावर उतरलं नाही, आणि हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून पगार खुर्चीला न बांधता भिंतीवरच्या या वर्तुळाला बांधायचा. मशीन चालवणं, मग सेटिंग आणि पहिला जॉब पास करणं, मग प्रोग्रॅम, मग दुसऱ्याला तयार करणं. प्रत्येक टप्प्याची प्रत्यक्ष जॉबवर परीक्षा, प्रत्येक टप्प्याला वेगळा हुद्दा आणि ठरलेली वाढ, आणि तोच हुद्दा दाखल्यावर. चौथ्या टप्प्याचा सेटर आपल्या टीम लीडरपेक्षा जास्त पगार घेऊ शकतो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेलं असावं, नाहीतर लीडर दुखावतो.

यालाही मर्यादा आहे. मशीन दहा असतील तर रोज प्रोग्रॅमिंग करणारी माणसं दोन-तीनच लागतात. सातवा जण तो टप्पा पास झाला, तरी त्याला द्यायला तसं काम नसतं. तेव्हा त्याला नवं मशीन कधी येणार, ते खरं खरं सांगावं, आणि येणार नसेल तर चांगला दाखला देऊन जाऊ द्यावं.