वजाच्या चिन्हावर उभी असलेली फिल्टर बँक

(स्क्रीनवर एकच सूर, हळूहळू वर चढणारा)

हा सूर आत्ता २.१ किलोहर्ट्झवर आहे, सॅम्पलिंग सेकंदाला ८ हजार. आपल्याला सिग्नलचे दोन भाग करायचेत, २ किलोहर्ट्झच्या खालचा आणि वरचा, आणि प्रत्येक भागातलं एकाआड एक सॅम्पल टाकून द्यायचं, म्हणजे एकूण डेटा वाढत नाही. पण कुठलाच फिल्टर सुरीने कापल्यासारखा कापत नाही, त्यामुळे आपला सूर थोडा खालच्या चॅनलमध्ये जातो आणि थोडा वरच्या. सॅम्पल्स निम्मे केले की २.१ चा सूर १.९ सारखा दिसायला लागतो, आणि परत जोडताना मध्ये शून्यं भरली की दोन्ही चॅनलमध्ये २.१ पण असतो आणि १.९ पण. हा १.९ म्हणजे एलियस. मूळ आवाजात तो नव्हताच.

आता मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. हा एलियस कोणी अडवत बसत नाही, दोन्हीकडे होऊ देतात, फक्त शेवटचे फिल्टर असे निवडतात की खालच्या चॅनलचा १.९ आणि वरच्या चॅनलचा १.९ अगदी सारख्या मापाचे पण उलट चिन्हाचे येतात, बेरीज केली की शून्य. सिग्नल वेगळा करणारा खालचा फिल्टर H0, वरचा H1, आणि परत जोडतानाचे शेवटचे फिल्टर F0 आणि F1 म्हटले तर अट एवढीच:

```
F0(z) =  H1(-z)
F1(z) = -H0(-z)
```

त्या वजाकडे बघा. सगळ्यात छोटा फिल्टर घेऊ, दोन टॅपचा, म्हणजे ज्यात दोनच गुणक आहेत. दोन सॅम्पल्स आहेत, ७ आणि ३. खालचं चॅनल सरासरी ठेवतं, ५. वरचं अर्धा फरक ठेवतं, २. परत जोडताना ५ अधिक २ म्हणजे ७, ५ उणे २ म्हणजे ३, जसंच्या तसं. आता कोणी F1 चं चिन्ह चुकवलं तर ३ आणि ७ मिळतात, जोडीतले सॅम्पल्स उलटे लागले! मोठ्या फिल्टरमध्ये हीच चूक ऐकू येते: चढता सूर वाजवला की २ किलोहर्ट्झच्या आसपास तो बारीक होतो आणि त्याच्याबरोबर दुसरा एक सूर खाली उतरताना ऐकू येतो. उतरणारा सूर ऐकू आला की समजायचं एलियस कटला नाहीये, आधी चिन्ह तपासा, मग कुठल्या एका चॅनलला एक सॅम्पल जास्तीचा उशीर झालाय का ते बघा.

बरं, एलियस गेला म्हणजे मूळ सिग्नल मिळाला असं नाही. क्रोइझिए, एस्तेबान आणि गालांद यांनी १९७६ मध्ये क्यूएमएफ, म्हणजे क्वाड्रेचर मिरर फिल्टर, मांडला तेव्हा वरचा फिल्टर म्हणजे खालच्याचाच आरसा धरला, H1(z) = H0(-z). यात एलियस पूर्ण जातो. पण H0 चे सम आणि विषम टॅप वेगळे करून E0, E1 म्हटलं तर एकूण सिस्टिम उरते ती अशी:

```
T(z) = 2 z^-1 E0(z^2) E1(z^2)
```

परफेक्ट रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा परत, हवं तर T म्हणजे नुसता उशीर हवा, एकच पद. एफआयआर, म्हणजे मोजक्या टॅपच्या, फिल्टरमध्ये दोन बहुपदींचा गुणाकार एकपदी कधी होतो? दोन्ही एकपदीच असतील तेव्हाच. म्हणजे H0 ला मोजून दोन टॅप, आणि दोन टॅपचा फिल्टर वर-खाली वेगळं करण्यात अगदीच कच्चा. म्हणून जॉन्स्टनने १९८० मध्ये लांब फिल्टरचे तक्ते दिले, ज्यात फेज बिघडत नाही आणि T ची उंची जवळपास सपाट राहते. जवळपास, पूर्ण नाही.

वाट सापडली ती आरशात थोडा बदल करून. स्मिथ आणि बार्नवेल यांनी १९८४ मध्ये H0 चे टॅप एकाआड एक चिन्ह बदलून शिवाय उलट्या क्रमाने लावले आणि तो H1 धरला. मग अट राहते फक्त H0 वर: त्याला दोन, चार, सहा घरं सरकवून स्वतःशीच गुणून बेरीज केली की शून्य आलं पाहिजे. चार टॅपचा हा फिल्टर घ्या: ०.४८३०, ०.८३६५, ०.२२४१, -०.१२९४. दोन घरं सरकवा. पहिला गुणिले तिसरा ०.१०८२, दुसरा गुणिले चौथा -०.१०८२. बेरीज शून्य! चार टॅप, आणि तरी सिग्नल पूर्ण परत, फक्त तीन सॅम्पल उशिरा. किंमत एकच, फिल्टर सिमेट्रिक राहत नाही, म्हणजे प्रत्येक चॅनलची फेज सरळ रेषेत नसते.

(स्क्रीनवर परत तो चढता सूर, या वेळी वरच्या चॅनलचे आकडे जाडेभरडे राउंड केलेले)

आणि हे सगळं खरं कधी, तर मध्ये कोणी आकड्यांना हात लावला नाही तर. कॉम्प्रेशनमध्ये तर हातच लावायचा असतो, वरचं चॅनल कमी बिट्समध्ये ठेवलं की त्याचा १.९ आणि खालचा १.९ आता तंतोतंत जुळत नाहीत. ऐका, २ किलोहर्ट्झजवळ. तो उतरणारा सूर परत आलाय, अगदी बारीक.