पेटीतले उरलेले आंबे : लहान समूहाचं सर्वेक्षण आणि अंदाजातल्या चुकीची मर्यादा

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. साल सुरेख, वास सुरेख, आणि सुरी फिरवली की आत पांढरट, आंबट गर. म्हणजे कापल्याशिवाय कळत नाही. आता समजा पाच डझनांची पेटी आहे, 60 आंबे. त्यातले न निवडता 30 कापले आणि 3 साक्याचे निघाले. पेटीबद्दल आपल्याला अजून काय ठाऊक नाही? फक्त उरलेल्या 30 आंब्यांचं. कापलेल्या 30 बद्दल आता शंकाच राहिली नाही.

हेच 30 आंबे एखाद्या मोठ्या बागेच्या अख्ख्या हंगामातून घेतले असते, तर न कापलेले हजारो उरले असते आणि आपले 30 त्यात कुठल्या कुठे गेले असते. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती मोठ्या टोपातल्या भाताची. संख्याशास्त्राची नेहमीची सूत्रं तो टोप अमर्याद मोठा धरून बांधलेली आहेत. टोप लहान असेल तर त्यांत एक दुरुस्ती करावी लागते. तिला फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन म्हणतात. आपण 'सान्त समष्टी सुधारणा' म्हणू. नेहमीच्या सूत्रानं चुकीची जी मर्यादा येते, म्हणजे आपला अंदाज खऱ्या आकड्यापासून किती इकडे-तिकडे असू शकतो ते, तिला या संख्येनं गुणायचं:

```
sqrt((N - n) / (N - 1))
```

N म्हणजे एकूण किती, n म्हणजे किती जणांना विचारलं. वरचा N − n म्हणजे पेटीत न कापता उरलेले आंबे. सगळे कापले की तो शून्य होतो, आणि नमुन्यामुळे येणारी चूकही शून्य होते.

आता एका सोसायटीची गोष्ट सांगतो. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत. 120 फ्लॅट. पावसाळ्यात गच्चीवरून धो धो पाणी वाहून जातं आणि एप्रिल उजाडला की विहीर तळ गाठते, टँकर सुरू होतो. मोठी साठवण टाकी बांधायची, प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढायची, असा विषय निघाला. कमिटीनं ठरवलं, निम्म्याहून अधिक मालक, म्हणजे किमान 61, अनुकूल असतील तरच विषय सभेपुढे न्यायचा. त्याआधी अंदाज घ्यायचा.

कमिटीतला एक तरुण म्हणाला, पाच टक्क्यांची मर्यादा हवी तर 384 जणांना विचारावं लागतं. अहो, फ्लॅटच 120! 384 हा आकडा चुकीचा नाही, तो अमर्याद टोपाचा आहे. 120 साठी तोच हिशेब सुधारून केला की 92 येतात. दहा टक्क्यांची मर्यादा चालणार असेल तर 54 पुरतात. त्यांनी 60 घरं घ्यायचं ठरवलं. फ्लॅट नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, आणि काढलेली चिठ्ठी परत टाकली नाही. हे महत्त्वाचं आहे. चिठ्ठी परत टाकली असती तर तेच घर पुन्हा निघू शकलं असतं, आणि मग ही सुधारणा लावायचं कारणच उरलं नसतं.

60 पैकी 36 जण हो म्हणाले, साठ टक्के. साध्या सूत्रानं, 95 टक्के खात्रीच्या हिशेबानं, मर्यादा अधिक-उणे 12.4 टक्के. म्हणजे 120 मध्ये होकार साधारण 57 ते 87, आणि 61 ची रेघ मध्येच अडकलेली. आता सुधारणा लावा. 120 मधून 60 गेले, उरले 60. 60 भागिले 119, त्याचं वर्गमूळ 0.71. मर्यादा 8.8 टक्क्यांवर आली. होकार 62 ते 82. रेघ ओलांडली! कमिटीला आनंद झाला, आणि गणित खरोखर बरोबर होतं.

मी एकच प्रश्न विचारला. चिठ्ठीत निघालेलं घर बंद असलं तर काय केलंत? म्हणाले, पुढची चिठ्ठी काढली.

आपल्या किनाऱ्यावरची कुठलीही सोसायटी डोळ्यांपुढे आणा. या सोसायटीत 40 फ्लॅट चाकरमान्यांचे होते. गणपतीला उघडतात, मे महिन्यात उघडले तर उघडतात, एरवी कुलूप. बंद दार सोडून पुढची चिठ्ठी काढली, म्हणजे नमुना 120 मधून निघालाच नाही. तो राहत्या 80 घरांतून निघाला. मग सूत्रात N म्हणून 120 का घालायचे? 80 घाला. 60 विचारले, 20 उरले, आणि सुधारणा जवळपास निम्म्यावर येते. मर्यादा अवघी सव्वासहा टक्के. राहत्या 80 घरांत होकार 48, पाच इकडे किंवा पाच तिकडे. फार छान, नेमका अंदाज आहे, पण तो त्या 80 घरांचाच. कुलूपबंद 40 घरांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. सुधारणा मर्यादा अरुंद करते, आणि अरुंद मर्यादा पाहून माणूस निर्धास्त होतो. पण ती फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबानं येणारी चूक मोजते. कोण घरी सापडलं नाही हे तिला दिसत नाही. आणि इथे न सापडणारे वेगळेच होते. गणपतीत विहीर काठोकाठ भरलेली असते. एप्रिलमधला टँकर ज्यानं पाहिलाच नाही, तो टाकीसाठी वर्गणी कशाला देईल?

मग सेक्रेटरींच्या रजिस्टरमधून त्या 40 मालकांचे नंबर घेतले, 20 चिठ्ठ्या काढल्या, आणि फोन लागेपर्यंत लावत राहिलो. एक उचलत नाही म्हणून दुसरा घेतला नाही. नाहीतर तीच चूक पुन्हा झाली असती. 20 पैकी 5 हो म्हणाले, म्हणजे 40 मध्ये अंदाजे 10. दोन्ही गटांची सुधारणा आपापल्या N वरून वेगवेगळी केली. मग होकारांची बेरीज केली, आणि मर्यादांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घेतलं: होकार 58, मर्यादा साधारण सात. म्हणजे 51 ते 65. मघाचे 62 ते 82 कुठे आणि हे कुठे!

जाता जाता एक सांगतो. ही सुधारणा 'या सोसायटीत आज काय आहे' एवढ्याच प्रश्नाला लागते. 'रत्नागिरीतल्या सोसायट्यांना टाक्या हव्या असतात का' किंवा 'पुढच्या पाच वर्षांत लोकांचं मत काय राहील' असं विचारलंत, तर हे 120 फ्लॅट स्वतःच एका मोठ्या टोपातलं शीत होतात. तिथे सुधारणा लावायची नाही. संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1953 मध्ये हा भेद स्पष्ट मांडला होता: समोरच्या समूहाबद्दल निर्णय घ्यायचा, की तो समूह ज्या कारणांनी घडला त्यांबद्दल.

आपल्या सोसायटीत 61 ची रेघ पुन्हा मर्यादेच्या आत आली होती. विचारायची राहिलेली घरं होती 40, वीस राहती आणि वीस कुलूपबंद. खात्रीचे होकार 41, हवे होते आणखी 20. एवढ्यासाठी अंदाज कशाला करायचा? रविवारी सकाळी दोघं जिने चढले, दोघं फोन घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत चाळीसही उत्तरं आली: हो 18. एकूण 59. आता N − n शून्य, मर्यादा शून्य.

एका घरात मात्र मुंबईहून फोनवर यजमान 'नको' म्हणाले होते. पहाटे चारला उठून पिंप भरणाऱ्या त्यांच्या आई इथेच राहतात, आणि जिन्यात भेटल्यावर त्या म्हणाल्या, "टाकी हवीच." वहीत कुणाचं उत्तर लिहायचं, हे कमिटीला त्या रात्री बसून ठरवावं लागलं.