रात्रीची गोळी राहिली तर

नमस्कार श्रोतेहो.

फिटची गोळी चालू असलेल्या घरांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा बोलायला लागला की पुढचं मला कळतंच. "एकच तं गोळी राहिली होती जी, एका गोळीनं का होते?" कधीकधी खरंच काही होत नाही. कधीकधी त्याच एका गोळीपायी माणूस बेशुद्ध होऊन रस्त्यात पडतो. असं का होतं, ते आज सांगतो. त्यासाठी आधी मेंदूतल्या एका पेशीच्या आत डोकावावं लागेल.

मेंदूतली पेशी शांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण भारित असते. हा फरक साधारण 70 मिलिव्होल्टचा. पेशीला संदेश पाठवायचा झाला की तिच्या आवरणातली बारीक दारं उघडतात आणि बाहेरचं सोडियम आत घुसतं. तीच तिची ठिणगी. हे दार उघडं राहतं जेमतेम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मग त्याला आतून आपोआप अडसर लागतो आणि पुढचे काही मिलिसेकंद कितीही ढकललं तरी ते उघडत नाही. अडसर निघाला की पेशी पुन्हा तयार.

आपण चालतो, बोलतो, हिशेब करतो तेव्हा बहुतेक पेशी सवडीनं काम करतात. दोन ठिणग्यांमध्ये अडसर निघायला भरपूर वेळ असतो. फिटमध्ये काय होतं? पेशींचा एक गट थांबायचं नाव घेत नाही. ठिणगीमागून ठिणगी, भराभर, आणि तीही शेजारच्या हजारो पेशींबरोबर एकाच तालात. ही लाट हातापायांवर ताबा असलेल्या भागात पोचली की झटके सुरू होतात.

आता गोळीची करामत बघा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधं अडसर लागलेल्या दारालाच जाऊन चिकटतात आणि तो अडसर थोडा जास्त वेळ टिकवून धरतात. सवडीनं चालणाऱ्या पेशीला याचा पत्ताही लागत नाही. तिची पुढची पाळी येईपर्यंत दार मोकळं झालेलं असतं. जिला लगेच, पाचदहा मिलिसेकंदांत दुसरी ठिणगी सोडायची असते, तिला मात्र दार बंद सापडतं. म्हणजे औषध धरतं ते अतिघाईच्या पेशीला. म्हणून तर योग्य डोसवरचा माणूस परीक्षा देतो, दुकान सांभाळतो, शेती करतो. डोस फार झाला की ही निवड बिघडते, साध्या पेशीही अडकतात. मग माणूस चालताना झोकांड्या खातो, त्याला एकाचे दोन दिसतात.

सगळी औषधं याच दारावर बसतात असं नाही. मेंदूत शांत करणारं एक स्वतःचं रसायन असतं, गाबा नावाचं. क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोन त्याचा जोर वाढवतात. लेव्हेटिरासिटाम आणखी वेगळं. पेशीच्या टोकाशी रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्यावरच्या एका प्रथिनाला ते चिकटतं. मग ठिणग्यांची गर्दी झाली की त्या पिशव्या एरवीइतक्या रिकाम्या होत नाहीत. हे नेमकं कसं घडतं, याचा शास्त्रज्ञांनाही अजून पुरता उलगडा झालेला नाही. पण गोळी काम करते.

इथे एक गोष्ट नीट ऐका. यातलं एकही औषध फिटचं मूळ काढून टाकत नाही. जुन्या मारामुळे मेंदूवर राहिलेला व्रण असो, डुकराच्या जंताची गाठ वाळून उरलेला खडा असो, की जन्मतःच पेशी हळव्या असोत, ते तिथेच राहतं. औषध दाराला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. एका वेळी किती दारं धरली जातील, हे रक्तात त्या घडीला औषध किती आहे त्यावर ठरतं. दोन वर्षं फिट आली नाही म्हणजे आजार गेलाच असं नसतं. कित्येकदा त्याचा अर्थ इतकाच, की दोन वर्षं रक्तातली पातळी टिकून राहिली.

ही पातळी उतरते कशी, ते एका मुलीच्या उदाहरणावरून बघू. समजा ती काटोलची, शिकायला नागपुरात खोली घेऊन राहते. लेव्हेटिरासिटाम 500, सकाळी आठला आणि रात्री आठला. वर्षभर फिट नाही. शनिवारी सकाळची गोळी घेऊन ती कॉलेजला गेली आणि तिथूनच मावसभावाच्या लग्नाला गावी. गोळ्यांची पट्टी खोलीवरच राहिली. रात्री हळद, गाणी, मेंदी. झोप नाहीच. रविवारी सकाळी आंघोळ, साडी, धावपळ. आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास, पंगतीत वाढता वाढता, ती कोसळली.

हिशेब करू. लेव्हेटिरासिटाम गोळी घेतल्यावर साधारण तासाभरात रक्तात सर्वांत जास्त असतं आणि मोठ्या माणसात दर सहा ते आठ तासांनी निम्मं होतं. आपण सात धरू. शनिवारी सकाळी नऊला तिच्या रक्तात 100 भाग होतं असं माना. संध्याकाळी चारला 50 उरलं. रात्री नऊच्या सुमारास 30. इथवर रोजचंच होतं. तिचा मेंदू रोज संध्याकाळी 30 पर्यंत खाली जातो आणि रात्रीची गोळी त्याला पुन्हा वर आणते. त्या रात्री वर आणणारं काही आलं नाही. रविवारी सकाळी नऊला उरलं 9. दुपारी साडेबाराला 6 ते 7. मेंदूतली पातळी रक्तापेक्षा जरा मागून उतरते, पण उतरते. त्यात जागरण, आणि जागरणानं पेशी मुळातच जास्त भडक होतात. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी जुळून आल्या.

हेच तिनं शनिवारी रात्री अकरालासुद्धा गोळी घेतली असती, तर पातळी 25 च्या आसपास जाऊन परत वर आली असती. तीन तासांचा उशीर आणि दोन डोस पूर्ण चुकणं यात एवढं अंतर आहे.

यावर कोणी म्हणेल, आमच्या काकांची गोळी तर दोन दोन दिवस राहते, त्यांना काही होत नाही. विचारा त्यांना, गोळी कोणती. फेनोबार्बिटोन असेल, तर ते निम्मं व्हायला चार दिवसांच्या आसपास लागतात. एका दिवसाचा डोस राहिला तरी 84 भाग शिल्लक असतं. त्यांचा नियम त्या मुलीला लावू नका. आणि काकांनाही खुशाल राहायचं कारण नाही, कारण हे औषध 1912 पासून वापरात आहे आणि त्याची दुसरी बाजू तेव्हापासूनच्या अनुभवातून पक्की माहीत झालेली आहे. गाबाचा जोर महिनोन्महिने बाहेरून वाढवला की मेंदू त्याला सरावतो, स्वतःचं शांत करणं कमी करून घेतो. अचानक गोळी बंद झाली की बाहेरचा जोरही गेला आणि घरचाही अपुरा. त्यामुळे फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम एकदम सोडणाऱ्याला पूर्वीपेक्षा मोठ्या, लागोपाठच्या फिट येऊ शकतात. ही औषधं बंद करायची तर आठवड्या-महिन्यांत, पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली.

लग्नमांडवात परत जाऊ. कोणी कांदा आणला, कोणी दातांत चमचा घालायला धावलं. त्यानं दात तुटतात, फिट थांबत नाही. तिच्या मावशीनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली आणि घड्याळ बघितलं. अडीच मिनिटांत झटके थांबले. घड्याळ बघणं फार महत्त्वाचं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत तोंडात पाणी, गोळी काहीही घालायचं नाही. गाबा पेशीवरच्या ज्या प्रथिनांना चिकटून काम करतं, ती लांबलेल्या फिटमध्ये पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली जातात. मग गाबाच्याच वाटेनं काम करणारं जे इंजेक्शन सुरुवातीला चटकन लागू पडलं असतं, ते उशिरा दिलं की कमी पडतं.

गोळी राहिल्याचं लक्षात आलं तर काय करायचं? सर्वसाधारणपणे, आठवताक्षणी घ्यायची. पुढच्या डोसची वेळच झाली असेल तर तो डोस वेळेवर घ्यायचा, आणि भरपाई म्हणून मनानं दोन एकदम गिळायच्या नाहीत. फेनिटॉइनच्या बाबतीत तर मुळीच नाही. ते बाहेर टाकायची यकृताची ताकद एका मर्यादेनंतर संपते, आणि डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी भलतीच वर जाते. तुमच्या गोळीचा नियम काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. उपवासाचंही तेच. नवरात्रात, श्रावणात पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीनं उपवास मोडत नाही, पण राहिलेल्या गोळीनं फिट येऊ शकते.

लॅमोट्रिजिनचा खड्डा वेगळा. ते काही दिवस सलग राहिलं, तर पुन्हा एकदम पूर्ण डोसवर जायचं नाही. अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं, कातडी सोलवटू शकते. अगदी लहान डोसपासून आठवड्या-आठवड्यानं चढावं लागतं. अशा वेळी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

सोमवारी ती मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. आई म्हणाली, "गोळी तं चालूच आहे जी, मग फिट कशी आली?" मुलगी खाली मान घालून बसलेली. माझ्या मते अशा वेळी डॉक्टरनं पहिला प्रश्न रागाचा विचारला की दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही. "गोळी घेतली ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "बेटा, शनिवारी रात्री पट्टी कुठं होती?" असं विचारलं की खोलीवर राहिलेल्या पट्टीची गोष्ट निघते. ती निघाली नसती, तर हिला 500 पुरत नाही असं समजून डोस वाढला असता. मग दोन्ही गोळ्या वेळेवर घेऊनही तिला दिवसभर सुस्ती, चिडचिड, आणि अभ्यासात लक्ष नाही. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन असेल तर रक्तातली पातळी तपासून हा घोळ उलगडता येतो, पण त्यासाठी नमुना फिटनंतर लवकर आणि पुढची गोळी घेण्याआधी घ्यावा लागतो.

नियमित गोळी घेऊनही फिट येणारे लोक असतात, दहातले जवळजवळ तीन. त्यांचं औषध बदलावं लागतं, कधी शस्त्रक्रियेचाही विचार होतो. पण ही मुलगी त्यांतली आहे असं एका लग्नावरून ठरवता येत नाही. तिचा डोस आहे तोच ठेवला. चार गोळ्यांची एक छोटी डबी कॉलेजच्या बॅगेत कायमची राहणार, आणि रात्री आठचा गजर आईच्या फोनवरही लावायचा ठरला. आईच्या फोनवरचा गजर मुलीला फारसा पसंत नव्हता.

नमस्कार.