रिमोट बंद पडला, हे रोबोला कळतं कसं?

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रोबो बनवलाय आणि तो मोबाइलवरून किंवा ब्लूटूथवरून चालवलाय. आता तोच रोबो विमानं-ड्रोन उडवणाऱ्यांच्या रिमोटवर चालवायचा आहे. तुमच्याकडे फ्लायस्कायचा एफएस-आय6एक्स आहे, सोबत छोटा रिसीव्हर आहे, आणि गाडीवर ईएसपी32 बसवलेला आहे असं धरू. रिसीव्हरकडून चॅनेलचे आकडे मिळवणं एका संध्याकाळचं काम आहे. रिमोटशी संपर्क तुटला की गाडी थांबवणं हे खरं काम, म्हणून आज जास्त वेळ त्यावरच देणार आहे.

आधी पीडब्ल्यूएम. रिसीव्हरच्या प्रत्येक चॅनेलच्या पिनवर साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स येते. स्टिक एका टोकाला असेल तर ती 1000 मायक्रोसेकंदांची, मध्ये असेल तर 1500 आणि दुसऱ्या टोकाला 2000. सर्व्हो मोटर हीच पल्स समजते. आर्डुइनोवर ती मोजायला सगळे `pulseIn()` वापरतात, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. हे फंक्शन पल्स येईपर्यंत अडून बसतं. सहा चॅनेल एकामागून एक वाचलेत तर एका फेरीला 100 मिलिसेकंदांच्या वर लागू शकतात, आणि सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात दहा-बारा सेंटीमीटर पुढे जाते.

याहून वाईट गोष्ट वायर निसटली की होते. पल्स आलीच नाही तर `pulseIn()` डीफॉल्टने एक सेकंद थांबतं आणि शून्य परत देतं. ते शून्य पुढच्या ओळीत जातं:

```cpp
int v = map(pulse, 1000, 2000, -255, 255);
```

`map()` मर्यादा पाळत नाही. शून्याचं उत्तर येतं उणे 765. पुढे कुठेतरी तुम्ही ते 255 वर छाटता आणि गाडी पूर्ण वेगाने मागे सुटते. वायर तुटली की गाडी आपोआप थांबेल असं आपण गृहीत धरतो, आणि इथे नेमकं उलट घडतं. इंटरप्ट वापरून मोजलंत तर अडून बसणं टळतं, पण मग नवी पल्स आली नाही तर जुनाच आकडा व्हेरिएबलमध्ये पडून राहतो. शेवटची पल्स कधी आली हे वेगळं तपासावं लागतं.

वायर शाबूत आहे पण रिमोटच बंद झाला तर? काही रिसीव्हर पल्स थांबवतात, काही शेवटची पल्स तशीच देत राहतात, काही आधी ठरवून ठेवलेली देतात. 1500 ची पल्स हातातल्या स्टिकमधून आली की रिसीव्हरने स्वतःच्या मनाने दिली, हे पल्स बघून कळायला मार्ग नाही. पीडब्ल्यूएम सोडून एसबस या सिरियल प्रोटोकॉलकडे वळायचं माझ्या मते मुख्य कारण हेच. एका वायरवर सोळा चॅनेल मिळतात हा वरचा फायदा.

एसबस हा फुताबाचा प्रोटोकॉल. मुळात सिरियल पोर्टच आहे, पण तऱ्हेवाईक: वेग 1,00,000 बॉड, आठ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, आणि पूर्ण सिग्नल उलटा. नेहमीच्या सिरियलमध्ये लाइन रिकामी असताना व्होल्टेज वर असतं, इथे खाली असतं. आर्डुइनो ऊनोवर यासाठी एक ट्रान्झिस्टर लावून सिग्नल पुन्हा उलटवावा लागतो. ईएसपी32 हे आतच करतो:

```cpp
Serial2.begin(100000, SERIAL_8E2, 16, 17, true);
```

शेवटचं `true` विसरलात तर बाइट येतात, पण सगळा कचरा, आणि सुरुवातीच्या ज्या 0x0F बाइटची वाट बघायची तो जागेवर कधी सापडत नाही. रिसीव्हरचा आणि ईएसपी32 चा ग्राउंड जोडलेला हवा. ईएसपी32 च्या पिनला 5 व्होल्ट चालत नाहीत, म्हणून रिसीव्हरच्या सिग्नलचं व्होल्टेज जोडण्याआधी मोजून घ्या. आय6एक्समध्ये रिसीव्हर सेटअपच्या मेनूत आय-बसऐवजी एस-बस निवडायलाही विसरू नका.

एसबसचा डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो, त्या एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. एक फ्रेम 25 बाइटची. पहिला 0x0F, मग 22 बाइटमध्ये सोळा चॅनेल, प्रत्येकी 11 बिट, एकमेकांना चिकटून. मग एक फ्लॅगचा बाइट आणि शेवटी 0x00. सगळे चॅनेल मध्यावर, म्हणजे 992 वर असतील तर फ्रेमची सुरुवात अशी दिसते:

```
0F E0 03 1F F8 C0 07 3E F0 81 0F 7C ...
```

पहिला चॅनेल सोडवू. E0 हे त्याचे खालचे आठ बिट, आणि 03 मधले खालचे तीन बिट वरचे. 0x3E0 म्हणजे 992. ओळखीच्या मायक्रोसेकंदांत हवं असेल तर 0.625 ने गुणा आणि 880 मिळवा: 620 अधिक 880, बरोबर 1500.

```cpp
ch1 = (b[1] | b[2] << 8) & 0x7FF;
ch2 = (b[2] >> 3 | b[3] << 5) & 0x7FF;
```

आता ती फ्रेम पुन्हा नीट बघा. अकराव्या जागेवर परत 0F आहे, आणि तो डेटा आहे. पुढच्या आठ चॅनेलमध्ये तो आणखी एकदा येतो. म्हणजे गाडी शांत उभी असताना, स्टिकला हातही न लावता, फ्रेममध्ये तीन 0F आहेत. नुसता 0F शोधून वाचायला सुरुवात केलीत तर चुकीच्या ठिकाणी पाय पडेल. तिथून 25 बाइट मोजले तर शेवटचा 0x81 निघतो, 0x00 नाही, म्हणून शेवटचा बाइट तपासून ती फ्रेम फेकून द्यायची. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: फ्रेम 3 मिलिसेकंदांत संपते आणि पुढची 14 मिलिसेकंदांच्या, किंवा जलद मोडमध्ये 7 च्या ठेक्याने येते. मधल्या शांततेत 2 मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर पुढचा बाइट हाच पहिला. मी दोन्ही तपासण्या ठेवतो.

आता फ्लॅगचा बाइट. 0x04 चा बिट म्हणतो, ही एक फ्रेम हुकली. दूरवर गेल्यावर हे अधूनमधून होतंच, त्यावर गाडी थांबवलीत तर ती अडखळत चालेल. 0x08 चा बिट म्हणतो, रिमोटशी संबंध तुटला, फेलसेफ सुरू. यावर मोटर बंद. संबंध तुटल्यावरही फ्रेम येतच राहतात, व्यवस्थित हेडर-फुटरसकट, म्हणून फक्त फ्रेम येतेय का एवढंच बघणाऱ्याची गाडी धावत राहते. उलट, वायर तुटली तर हा बिट सांगायला कोणी उरतच नाही. म्हणून दोन्ही हवं; इथे `ok` म्हणजे वरच्या तपासण्यांतून पास झालेली नवी फ्रेम आली:

```cpp
if (ok && !(b[23] & 0x08)) lastGood = millis();
if (millis() - lastGood > 100) stopMotors();
```

दुसरी ओळ वाचनाच्या फंक्शनमध्ये ठेवू नका, मुख्य लूपमध्ये ठेवा, नाहीतर बाइट यायचे थांबले की तीही चालणार नाही. काही रिसीव्हर हा बिट लावतच नाहीत. त्यांच्यासाठी रिमोटच्या मेनूत एखाद्या मोकळ्या चॅनेलचं फेलसेफ मूल्य एका टोकाला ठेवा, चालवताना तो स्विच दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि कोडमध्ये त्यावर नजर ठेवा.

संबंध परत जुळला की लगेच मोटर सुरू करू नका. स्टिक एकदा मध्यावर आलेली दिसेपर्यंत थांबा. त्यासाठी पुढे-मागेचं काम स्प्रिंग असलेल्या स्टिकला द्या. विमानाच्या रिमोटची थ्रॉटलची स्टिक सोडाल तिथेच राहते, ती गाडीला सोयीची नाही.

तपासणी चाकं हवेत ठेवूनच करा. चाकं फिरत असताना रिमोट बंद करा. मग रिमोट चालू ठेवून सिग्नलची वायर ओढा. शेवटी स्टिक पुढे दाबून धरलेली असतानाच रिमोट चालू करा. तिन्ही वेळा चाकं थांबलेली राहिली, तरच गाडी जमिनीवर ठेवा.