पाठ मातीची, गळा निळा

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल-मे महिन्यात साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, तर गाडी बाजूला लावा आणि दहा मिनिटं एका जागी गप्प बसा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही. जांभ्याचे तांबूस-काळपट दगड, करपलेलं गवत, वारा, आणि दूरवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. मग चार हातांवरचा एक दगड अचानक मान वर करतो. तो दगड नसतोच, सरडा असतो. नर असेल तर पुढच्या पायांवर ताठ उभा राहतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी! मोराची आठवण व्हावी असा रंग. क्षणभरानं पंखा मिटतो आणि तुमच्यासमोर पुन्हा दगड उरतो.

या सरड्याचं शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा. त्यातलं ‘सारडा’ आपल्या मराठी सरड्यावरूनच घेतलंय. ही जात शास्त्राच्या दप्तरी नोंदवली गेली 2016 साली, आणि तीही याच पठारावरच्या नमुन्यांवरून. इथल्या गुराख्यांना तो आधीपासून माहीत होता, हे वेगळं सांगायला नको.

आता बघा, एकाच अंगावर दोन उलट गोष्टी आहेत. पाठ म्हणते ‘मी इथं नाही’ आणि गळा म्हणतो ‘मीच इथं आहे’. याचा उलगडा हवा असेल तर प्रत्येक रंगाला एकच प्रश्न विचारायचा: तुला बघतंय कोण? पाठ बघतो तो वरून, आभाळातून. कापशी घार असेल, तिसा असेल. गळा बघते ती मादी किंवा शेजारचा दुसरा नर, जमिनीलगत आणि समोरून. म्हणून चमक खाली घडी घालून ठेवलेली, आणि वरच्या बाजूला मातकट पांघरूण.

हे पांघरूण सरड्यानं विचार करून घेतलेलं नाही, आणि दगडाकडे बघून शिकलेलंही नाही. ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ असं आपण म्हणतो, पण कुंपणावरच्या सरड्याचं डोकं लाल होतं ते लपायला नव्हे, मिरवायला. पाठीचा हा मातकटपणा पिढ्यान्‌पिढ्यांत आलेला आहे. कसा, त्यासाठी जरा इंग्लंडात जाऊन येऊ, कारण तिथं एका किड्याबाबत हा हिशेब प्रत्यक्ष मांडला गेलाय.

तिथं एक पतंग आहे, पांढऱ्या पंखांवर मिरपूड शिंपडल्यासारखा. दिवसभर तो झाडाच्या सालीवर पंख पसरून निपचित बसतो. सालीवर दगडफूल उगवलेलं असायचं, आपण मसाल्यात घालतो त्याच प्रकारचं. त्यावर हा पतंग दिसेनासा व्हायचा. मग गिरण्या आल्या, कोळशाच्या धुरानं दगडफूल मेलं, साल काळी पडली. 1848 साली मँचेस्टरमध्ये या जातीचा एक काळा पतंग नोंदवला गेला. 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. एकाही पतंगानं आपला रंग बदलला नव्हता. काळा रंग आईबापांकडून येतो. काळ्या झाडावर पांढरे आधी टिपले गेले, काळे उरले, आणि पुढची पिढी उरलेल्यांची झाली.

1950च्या दशकात केटलवेल या संशोधकांनी हे टिपण्याचं काम पक्षीच करतात असं प्रयोगानं दाखवलं. पण त्यावर आक्षेप आले, आणि ते वाजवीही होते: पतंग खोडावर माणसानं ठेवलेले, तेही दिवसा, आणि नेहमीपेक्षा दाटीवाटीनं. म्हणून केंब्रिजच्या मायकेल मॅजेरस यांनी 2001 पासून पुढं सहा हंगाम स्वतःच्या बागेत हे काम नव्यानं केलं. पतंग रात्री सोडायचे, जागा त्यांची त्यांनी निवडायची, आणि पहाटे दुर्बीण घेऊन कोण कुणाला उचलतं ते बघायचं. असे 4,864 पतंग. तोवर हवा स्वच्छ झाली होती, म्हणजे पारडं उलटं फिरलेलं. निष्कर्ष निघाला की दिवसभर तगून राहण्यात काळे पांढऱ्यांपेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी मागं पडतात.

नऊ टक्के म्हणजे किरकोळच की, असं वाटेल. पण हे रोजचं आहे. समजा, पांढऱ्यांचे शंभर उरतात तेव्हा काळ्यांचे 91. दुसऱ्या दिवशी त्या 91 चे 91 टक्के, म्हणजे 83. मग 75, मग 69, आणि पाचव्या दिवशी 62. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं आहे हे, फक्त उलट्या दिशेनं. आणि हा झाला एका हंगामाचा, एका पिढीचा फरक. पिढ्या पन्नास झाल्या की काय होत असेल, बघा.

आपल्या सरड्याच्या पाठीचंही असंच झालं असणार. जांभ्यावर उठून दिसणारी पाठ घारीच्या नजरेत आधी भरली, आणि तिची पिल्लं कमी झाली. मात्र एक खबरदारी घ्यायला हवी. ‘किती छान मिसळून गेलाय’ असं आपण म्हणतो ते माणसाच्या डोळ्यानं. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात, अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. लपला की नाही, याचा निकाल घारीनं द्यायचा. शिवाय नुसता रंग पुरत नाही. हलला की संपला. मुकाट बसून राहणं हाही त्या पांघरुणाचाच भाग.

मग घारच उडून गेली तर?

चाळकेवाडीवर हे नकळत घडलं. पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पठाराच्या त्या भागात शिकारी पक्षी यायचे कमी झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी त्याचा अभ्यास केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागाशी तुलना केली तर चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौथाई, आणि सरडे कितीतरी जास्त. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरकही कमी. माणूस चालत जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत.

आता अंदाज बांधा. वरून बघणारा वैरी गेला, म्हणजे गळा आणखी भडक व्हायला हवा, नाही का? मीही तेच म्हटलं असतं. पण निघालं उलटं. चक्क्यांजवळच्या नरांचे गळे फिके होते. अभ्यासकांचं म्हणणं असं की सरडे वाढले, गर्दी झाली, खाण्यासाठी चुरस लागली, अंग रोडावलं. आणि गळ्याचा रंग अंगावरच्या ताकदीवर चालतो. उपाशी माणसानं लग्नाचा थाट कुठून करायचा?

म्हणून रंग फिका दिसला की लगेच ‘उत्क्रांती झाली’ म्हणू नये. दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. फिका रंग पोट न भरल्यामुळं असेल, तर चांगलं खायला मिळाल्यावर तो परत यायला हवा. तो फिकेपणा वारशानंच येत असेल, तर भरपूर किडे खाऊ घातलेलं पिल्लूही मोठेपणी फिकंच निघेल. पतंगाच्या बाबतीत ही खात्री झालेली आहे, काळा रंग नेमका कोणत्या जनुकातल्या फरकानं येतो तेही सापडलंय. चाळकेवाडीच्या फिक्या गळ्याचं कारण मात्र आधी पोटात शोधायचं.

तुम्ही गेलात तर एक गंमत करून बघा. चक्क्यांपासून लांब एखादा सरडा हेरा आणि सरळ त्याच्याकडे चालत जा. तो पळाला त्या क्षणी थांबा आणि तो बसला होता त्या दगडापर्यंतची पावलं मोजा. मग चक्कीच्या पायथ्याशी जाऊन तेच करा. अभ्यासकांनीही भीती अशीच अंतरानं मोजली. फक्त उन्हाची टोपी विसरू नका, आणि सरडा धरू नका. नमस्कार.