बाया ७

(दृश्य: पत्र्याची पेटी उघडते. कापडात बांधलेली पोस्टकार्डं, त्याखाली जाड पुठ्ठ्याची वही.)

ही पेटी माझ्या आजीची. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी माळ्यावर पडून होती. आत एकतीस पोस्टकार्डं आणि एक वही. आजीचा जुना काळ हाती लागला म्हणून मी हरखलो, पण कार्डं वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं, यातलं एकही आजीनं लिहिलेलं नाही. पेटीत राहतात ती आलेली पत्रं. तिनं पाठवलेली माहेरी गेली, आणि बहुतेक तिथल्याच चुलीत गेली असावीत.

(दृश्य: एक कार्ड जवळून.)

‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी.’ एकतीसही कार्डांची सुरुवात हीच. एका कार्डात चार ओळी खाली बैल मेल्याची बातमी आहे, तरी वर सगळं खुशालच. म्हणजे ‘खुशाल’ ही रीत झाली, तिला बातमी समजायचं नाही.

अक्षर आजीच्या धाकट्या भावाचं. तो शाळेत होता. आजीची आई सांगायची, तो लिहायचा. म्हणून भाषा पुस्तकी आहे. मध्येच मात्र ‘पऱ्हाटी यंदा लयच बसली’ असं येतं. तिथं पोराला पुस्तकी शब्द सुचला नसावा आणि आईचं बोलणं जसंच्या तसं उतरलं. मी अशा ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारत गेलो. एकतीस कार्डांत मोजून अकरा निघाल्या.

तारखेचं कोडं वेगळंच. बऱ्याच कार्डांवर तिथी आणि वार आहे, शक नाही. पोस्टाचा शिक्का पुसट. एका कार्डावरच्या छापील तिकिटाची किंमत नव्या पैशांत आहे, म्हणजे ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. मग जुन्या पंचांगांत ती तिथी त्या वारी कधी आली ते पाहिलं. दोन वर्षं जुळली. दोन्ही लिहून ठेवली. एक खोडायला माझ्याकडे आधार नाही. वहीत मण, शेर आणि आणे आहेत, पण त्यावरून ती १९५७ आधीची ठरवता येत नाही. नवे पैसे आले तरी घरातला हिशेब पुष्कळ दिवस आण्यांतच चालला.

(दृश्य: वहीची पानं उलटतात.)

वही मात्र आजीच्या हातची. ती चौथी शिकलेली. तेल, गूळ, बंडीचं भाडं, सालदाराची उचल. ‘आज मला असं वाटलं’ अशी एक ओळ नाही. तरी कार्डं आणि वही शेजारी ठेवली की काही दिसू लागतं. लागोपाठ तीन कार्डं ‘बाकी भेटीअंती’ म्हणून संपतात. पोस्टकार्ड उघडं, पोस्टमन वाचणार, मग ओसरीवर सासरे वाचणार. जे लिहायचं नाही ते भेटीवर टाकलेलं. त्याच सुमारास वहीत नोंद आहे: ‘सुईण १ रु.’ पुढं बारशाचा खर्च कुठंच नाही.

मूल गेलं का? मला तसं वाटतं, पण म्हणता येत नाही. बारसं माहेरी झालं असेल, तर खर्च तिकडच्या वहीत असेल. आणि जन्म-मृत्यूची नोंद शोधायची, तर आधी वर्ष पक्कं हवं, तेच नाही. शिवाय आजीनं स्वतः कधी विषय काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

(दृश्य: वेचाई चाललेलं शेत. पाठीला ओटी बांधलेल्या बाया.)

आता वहीतली दुसरी ओळ. ‘वेचाई, बाया ७.’ पुढं वजन आणि पैसे. सालदाराचं नाव आहे, सुताराचं आहे, या सातजणींचं नाही. १९५१ च्या जनगणनेत देशभरात शंभरात नऊ बायकांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. आजी त्या थोडक्यांतली. तिची वही म्हणजे शेतमालकाच्या घरातून दिसलेला कापूस. वेचणाऱ्या हातांकडून कागद आलाच नाही.

म्हणून ती वही घेऊन मी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेलो. त्या आमच्या शेतात वेचाईला यायच्या. ती ओळ वाचून दाखवली.

(दृश्य: चेहरा नाही, फक्त हात. आवाज.)

“सात कायच्या, बापू? आमी नऊ जनी होतो. दोन पोरी होत्या, त्यायचा कापूस मायच्याच ओटीत टाकत होतो.”

हे त्याच वर्षाचं आठवलं की दुसऱ्या, ते त्यांना सांगता आलं नाही. मी त्या ओळीशेजारी ‘९?’ असं पेन्सिलीनं लिहिलं आणि वही मिटली.